मदत हवी आहे: साधा पास्ता उकडताना नेमकं कुठे चुकतंय?

नवशिकी: काल आयुष्यात पहिल्यांदा पास्ता केला, 200 ग्रॅम पेने, पाकिटावर 11 मिनिटं लिहिलेलं. अर्धा लिटर पाणी जरा कोमट झाल्यावर पास्ता टाकला आणि तिथूनच 11 मिनिटं मोजली, मीठ घातलं नाही कारण सॉसमधे होतंच. तर अर्धा पास्ता एकमेकांना चिकटून गोळा, वरून बुळबुळीत, मधे कच्चा. मग नळाखाली धुतला तर सॉस सगळा ताटलीत खाली उतरला आणि पास्ता फिका. पाणी किती, मीठ किती, धुवायचा की नाही?

वाफाळ: पाण्यात चमचाभर तेल टाका, अजिबात चिकटत नाही. आणि पाणी भरपूर घ्या.

चाळणीवाला: पाण्याचं बरोबर, तेलाचं नाही. तेल वर तरंगतं, चिकटतो तो खाली, आणि निथळताना तेच तेल पास्त्याला लागून सॉस धरत नाही. 200 ग्रॅमला दोन लिटर पाणी घ्या, खळखळ उकळी आली की एक सपाट मोठा चमचा मीठ. जास्त वाटेल पण बहुतेक पाण्याबरोबर ओतूनच जातं, आणि पास्ता आतून खारवला जातो तो उकडतानाच, नंतर सॉसचं मीठ वरवरच राहतं. पास्ता टाकला की पहिली दोन मिनिटं हलवत रहा, तेव्हाच वरचा स्टार्च चिकट होतो आणि गोळे धरतात. झाकण नको, उतू जातं. वेळ पास्ता टाकल्यावर पाणी परत उकळलं की मोजा, नवव्या मिनिटाला एक पेने तोडून बघा, मधे पांढरा ठिपका दिसला तर अजून थोडा वेळ. धुवू नका, तो स्टार्चच सॉसला धरून ठेवतो. निथळायच्या आधी कपभर पाणी काढून ठेवा, सॉस घट्ट झाला तर कामी येतं.

गारेगार: मी तर नेहमी धुते आणि छान होतो! पण हो, माझा थंड सॅलडसाठी असतो, गरम सॉसबरोबर कधी केलाच नाही.

चाळणीवाला: सॅलडला धुवायलाच हवा, नाहीतर आतल्या उष्णतेने शिजत राहून मऊ पडतो.

वाफाळ: तेलाचं पटलं नाही, माझा खरंच चिकटत नाही. बाकी मी एक लिटरातच करतो, सतत हलवतो.

चाळणीवाला: मग हलवण्यामुळेच चिकटत नसणार. कमी पाण्यात होतो, फक्त उभं रहावं लागतं आणि मीठही निम्मं करायचं.

नवशिकी: आज केला! दोन लिटर, मीठ घालून, नवव्या मिनिटाला ठिपका होता, दहाव्याला बारीकसा, तेव्हाच काढून गरम सॉसमधे मिनिटभर परतला आणि तो ठिपकाही गेला. सॉस छान चिकटला. फक्त कपभर पाणी घातल्यावर थोडा खारट झाला, पुढच्या वेळी मीठ पाण्यात कमी करू की सॉसमधे?

चाळणीवाला: सॉसमधे. ते शेवटी चाखून घाला.