विनाइल फ्लोअरवरचे काळे डाग आणि पिवळा चौकोन: चकाकी न घालवता कसे काढावेत?

सातारकर_फिजिओ
माझं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. खाली फिक्या बदामी रंगाची विनाइल शीट आहे, रोलमधून कापून चिकटवलेली. तीन प्रश्न आहेत. वॉकर आणि कुबड्यांच्या रबरी टोप्यांचे, बुटांच्या टाचांचे काळे फराटे उमटतात. व्यायामाची रबरी मॅट कोपऱ्यात कायम पसरलेली असायची, ती उचलली तर खाली तिच्याच मापाचा पिवळा चौकोन निघाला. आणि बेसिनपाशी हिरव्या स्क्रबरने घासतात, तिथे फरशी मंद दिसायला लागली आहे. बाकीची जमीन चांगली चकचकीत आहे, ती तशीच राहायला हवी. काय वापरू?

गृहिणी_नाशिक
बेकिंग सोड्यात थोडं पाणी घालून लगदा करा, काळ्या फराट्यांवर जुन्या टूथब्रशने घासा. आमच्याकडे डाग गेले. पिवळ्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतून अर्धा तास ठेवायचं. सगळं पांढरं होतं.

कोकणकन्या_८२
आमच्या कोट्यावर पण पिवळे डाग पडलेत, बोअरच्या पाण्यामुळे. अॅसिड टाकलं तर जातील का?

फ्लोअरिंगवाला_दादा
ताई, कोटा वेगळा आणि विनाइल वेगळं. अॅसिड दोन्हीवर नको, पण तुमच्या फरशीसाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथे गोंधळ होईल.

सातारकर, मी हॉस्पिटलांमध्ये विनाइल बसवतो, नंतरच्या साफसफाईच्या तक्रारीही माझ्याकडेच येतात. तुमचे तिन्ही डाग एका जातीचे नाहीत.

काळा फराटा म्हणजे बहुतेक वेळा वॉकरचं रबरच असतं, घासून जमिनीवर चिकटलेलं. त्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर रबर वर बसलंय, निघेल. अडकलं तर तो ओरखडा आहे, शीटच कापली गेलीय, तो कोणत्याच पाण्याने जाणार नाही. रबर असेल तर आधी कोरडंच काढून बघा: पेन्सिलचं साधं पांढरं खोडरबर किंवा जुना टेनिस बॉल जागेवर दाबून घासा. बरेच फराटे इथेच संपतात. राहिलेल्यांसाठी तुमच्याकडे स्पिरिट असेलच. कापसावर थोडं घ्या, फराट्यावर हलकं फिरवा, लगेच ओल्या फडक्याने पुसा. जमिनीवर स्पिरिट ओतून ठेवू नका. वापरण्यापूर्वी कपाटामागे एका कोपऱ्यात करून बघा, कारण काही शीटवर वरून पॉलिशचा थर दिलेला असतो आणि स्पिरिट तो उचलतं. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र हातातही घेऊ नका. त्यातलं अॅसिटोन विनाइल मऊ करतं आणि तिथे कायमचा चट्टा पडतो.

बेकिंग सोड्याबद्दल: नाशिकच्या ताई म्हणतात तसं डाग जातो हे खरं. पण ती बारीक पूड आहे, जोर लावला की वरचा गुळगुळीत थरही थोडा घासला जातो. पांढरा मेलामाइन स्पंज, ज्याला सगळे ‘जादूचा स्पंज’ म्हणतात, तोही तसाच. एखाद्या फराट्यावर हलक्या हाताने ठीक, पूर्ण जमिनीवर नाही. हिरवा स्क्रबर तर भांड्यांसाठी आहे, जमिनीला त्याचा स्पर्शही नको.

सातारकर_फिजिओ
नखाची युक्ती उपयोगी पडली. वॉकरचे बहुतेक फराटे खोडरबरनेच गेले, उरलेले स्पिरिटने. दारापाशी दोन आहेत, तिथे नख अडकतं, म्हणजे ते गेलेच समजायचे. पिवळ्या चौकोनाचं काय? आणि मंद पडलेल्या जागेचं?

हळदीकुंकू_पुणे
पिवळ्याला ऊन द्या ना! आमच्या स्वयंपाकघरातल्या विनाइलवर हळद सांडली होती. साबण लावल्यावर डाग लाल झाला म्हणून घाबरले, पण खिडकीतून ऊन यायचं तिथे आपोआप फिका होत गेला.

फ्लोअरिंगवाला_दादा
हळदीचा रंग उन्हाने उडतो, तुमचं बरोबर आहे. साबण-सोड्याने ती लाल दिसते, धुऊन काढली की परत पिवळी. घाबरायचं कारण नाही.

पण सातारकरांचा चौकोन हळदीचा नाही. रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात काही द्रव्यं घातलेली असतात. मॅट एकाच जागी बराच काळ पडून राहिली की ती रबरातून हळूहळू विनाइलच्या आत उतरतात आणि पिवळी पडतात. डाग वरती नाहीच, आत आहे. म्हणून ब्लीच ओता, घासा, काही करा, पिवळेपणा तसाच, वरचा थर मात्र खराब. हॉस्पिटलांत बघतो, रबरी पायपोस उचलला की खाली हाच पिवळा ठसा.

तरी खात्री करायची असेल तर एक प्रयोग आहे. मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साईड मिळतं, बहुतेक ६ टक्क्यांचं. तेवढंच पाणी मिसळा, फडकं भिजवून चौकोनाच्या एका कोपऱ्यावर तासभर ठेवा. वर प्लॅस्टिक घाला म्हणजे सुकणार नाही. हातमोजे घाला, आणि त्याआधी तिथे ब्लीच टाकलं असेल तर पाण्याने नीट धुऊन घ्या, दोन्ही एकत्र येऊ देऊ नका. फरक पडला तर डाग चहा, हळद असल्या वरच्या गोष्टीचा होता. नाही पडला तर रबराचा, तिथे थांबा.

मंद जागेचं: आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या सुती कापडाने. चकाकी परत आली तर तो साबणाचा किंवा फिनाईलचा साका होता. नाही आली तर थर घासला गेलाय. पुढे जमीन पुसताना अर्ध्या बादलीला भांडी घासायच्या लिक्विडचा चमचाभर पुरे, नंतर साध्या पाण्याचं पोछा. पोछा चांगला पिळलेला हवा, नाहीतर सांध्यांतून पाणी शिरून डिंक सुटतो.

गृहिणी_नाशिक
फिनाईलने साका बसतो? मी तर ते रोज बादलीत ओतते, वास छान येतो म्हणून. बरं झालं कळलं.

सातारकर_फिजिओ
पेरॉक्साईडचं केलं. चौकोन जसाच्या तसा. बेसिनपाशी कोमट पाण्याने थोडी चकाकी आली, पण स्क्रबरची वर्तुळं उन्हात तिरकं बघितलं की दिसतात. त्यावर अॅक्रिलिक पॉलिशचा थर द्यावा का?

जिममालक_कोल्हापूर
द्या बिनधास्त. आमच्या जिममध्ये दर काही महिन्यांनी देतो, नव्यासारखं दिसतं. फक्त जुना थर पूर्ण काढूनच नवा द्यायचा, नाहीतर थरावर थर चढून तेच पिवळं पडतं.

फ्लोअरिंगवाला_दादा
जिममध्ये ठीक. पण इथे कुबडी घेतलेले पेशंट चालतात. काही पॉलिश पाणी सांडलं की निसरडी होतात, आणि बेसिनपाशी पाणी सांडणारच. मी देणार नाही. जिममालकांचा अनुभव वेगळा असू शकतो.

जिममालक_कोल्हापूर
निसरडं न होणारं पॉलिशही मिळतं हो. डब्यावर बघून घ्यायचं. नाहीतर आमच्याकडे रोज कुणीतरी आपटलं असतं.

सातारकर_फिजिओ
पेशंट घसरला तर अंगाशी येईल, तेव्हा पॉलिश सध्या नको. वॉकरच्या टोप्या राखाडी, डाग न पाडणाऱ्या मिळतात असं दुकानदार म्हणाला, त्या मागवतोय. मॅट आता भिंतीवर खुंटीला टांगतोय. चौकोन मात्र डोळ्यांत खुपतो. तो तुकडा बदलता येईल का? उरलेला रोल नाही.

फ्लोअरिंगवाला_दादा
येईल. कपाटाखालची शीट डागाच्या जागी वर ठेवायची, आणि दोन्ही थर एकाच वेळी धारदार सुरीने कापायचे, म्हणजे तुकडा अचूक बसतो. सांधा वितळवून जोडून घ्या, नुसत्या डिंकावर ठेवू नका. अडचण एवढीच की कपाटाखालच्या शीटने उजेड पाहिलेला नाही, ती आजूबाजूच्या रंगाशी जुळेल की नाही ते तिथे ठेवूनच कळेल. कापायच्या आधी कपाट सरकवून एक फोटो टाका.

सातारकर_फिजिओ
रविवारी क्लिनिक बंद असतं, तेव्हा सरकवतो आणि टाकतो.