दोन स्पायडरमॅन एकमेकाकडे बोट दाखवतात, त्याले मराठीत काय म्हनाव?

पऱ्हाटीवाला, दारव्हा
माझा अन् माझ्या दोस्ताचा फवारणीचा पंप सामाईक हाय. त्यानं धुऱ्यावर २,४-डी हे तननाशक मारलं. मंग त्याच पंपानं मी पऱ्हाटीवर कीडीचं औषध मारलं. थोड्या दिवसांत पानं भेंडीच्या पानासारखी झाली, अरुंद अन् बोटं फुटल्यावानी. मी म्हनतो त्यानं पंप धुतला नाई. तो म्हनते, भरायच्या आधी तू धुवाले पाहिजे होता. तेवढ्यात गावच्या ग्रुपवर कोनीतरी ते दोन स्पायडरमॅनवालं चित्र टाकलं, खाली अक्षर नाई. आता याचा अर्थ दोघंई चुकले असा, का दोघं नुसते भांडून राह्यले असा? अन् आपल्याकडे याले शब्द काय?

सेवानिवृत्त मास्तर, मूर्तिजापूर
ते चित्र १९६७ साली सुरू झालेल्या स्पायडरमॅनच्या कार्टून मालिकेतलं आहे. भागाचं नाव ‘डबल आयडेंटिटी’. त्यात एक बहुरूपी चोर स्पायडरमॅनचा वेश घेतो आणि खऱ्यासमोर उभा राहतो. म्हणजे मूळ गोष्टीत एक खरा, दुसरा तोतया. पण चित्र एकटं फिरायला लागलं तशी गोष्ट गळून पडली. खरा कोणता हे कळायला त्यात काहीच खूण नाही, म्हणून पाहणारा दोघांनाही एकाच मापानं मोजतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, भाऊ, चित्र कोणी टाकलं यात आहे. तिसऱ्यानं टाकलं तर ‘दोघंही तसलेच’. तुम्हीच दोस्ताला पाठवलं असतं तर ‘मीही तुझ्यासारखाच’ अशी अर्धी कबुली, अर्धी मस्करी झाली असती. आणि दोघांवर नावं लिहून टाकलं, तर भांडणापेक्षा सारखेपणाकडे लक्ष जातं. निवडणुकीत दोन पक्षांची चिन्हं चिकटवतात ते याच कामाला.

ताई, वणी
सरळ म्हणा ना, चोराच्या उलट्या बोंबा! एवढा काथ्याकूट कशाला?

मास्तर
ताई, अर्धं बरोबर. बोंब मारण्याचा भाग जुळतो. पण त्या म्हणीत चोर एकच असतो आणि समोरचा निर्दोष. इथे बोंब दोन्हीकडून आहे. ‘एका माळेचे मणी’ म्हणाल तर सारखेपणा येतो, पण मणी एकमेकावर आळ घेत नाहीत. दोन्ही एकत्र येतील असा नेमका शब्द मला तरी सापडला नाही. बोलताना मी ‘दोघंही एकमेकाकडे बोट दाखवून राह्यले’ एवढंच म्हणतो, आणि त्यात चित्राचं काम होतं.

एका नावाच्या दोघांतला एक, आर्णी
आमच्या गावात माझ्या नावाचा अजून एक मानूस हाय, बापाचं नावई तेच. त्याच्या पीककर्जाची नोटीस मले येते, माह्या पोराच्या लग्नपत्रिका त्याच्या घरी गेल्या. पोरं आम्हा दोघाले पाह्यलं की हेच चित्र पाठवतात. पन आमचं काही भांडन नाई बाप्पा! मंग मले काऊन पाठवतात?

इंजिनीरिंगवाला पोट्टा, पुसद
काका, तुमच्यावाला वापर सारखेपणाचा. त्यात भांडण लागतच नाही. त्या २०२१ च्या सिनेमात तीन स्पायडरमॅन एकत्र आले होते, अन् फेब्रुवारी २०२२ मधी त्या तिन्ही नटांनी असंच बोट दाखवत फोटो काढला. तीन जणांवालं चित्र आता गोल फिरणाऱ्या दोषाला वापरतात. पऱ्हाटीवाले भाऊ, तुमच्यात तिसरा कृषी केंद्रवाला टाका. तो म्हणल, ‘पंप धुवा असं डब्यावर लिहेल हाय.’

कोरडवाहू, घाटंजी
शब्दाचं राहू द्या, आधी वावर पाहा. पंपात उरलेल्या औषधानं झालं असल तर पहिल्या टाकीच्या तासात जास्त अन् पुढं कमी होत गेलं दिसते. वाऱ्यानं उडून आलं असल तर धुऱ्याकडच्या कडेले जास्त, मधात कमी. दुसरं असल तर धुवायचा प्रश्नच नाई. तुमच्या दोस्तानं पंप धुतला असल तरी धुऱ्यावर मारताना हवा तुमच्याकडं असल, तर पानं तशीच होतात. मंग चित्रातल्या एकाचं बोट बरोबर निघते.

पऱ्हाटीवाला
आत्ताच जाऊन पाह्यलं. धुऱ्याकडच्या तासातच जास्त हाय. पन मी पहिली टाकीई तिकडूनच सुरू केली होती.

मास्तर
मग चित्र तसंच राहू द्या ग्रुपवर.

ताई
पण पंप कोणाच्या घरी आहे सध्या?