मदत हवी आहे: तंबाखू सोडताना स्वतःशी म्हणायची वाक्यं कशी करावीत?

ऐरोलीची_सई
नमस्कार. माझा मोठा भाऊ ठाण्याला किसननगरमध्ये राहतो आणि रबाळे एमआयडीसीत कामाला आहे. बरीच वर्षं तंबाखू-चुना खातो. या सोमवारपासून त्याने बंद केली आहे. डॉक्टरांना भेटून आलाय, त्यामुळे औषधांबद्दल विचारत नाहीये.

त्याने मोबाईलवरून वाक्यं उतरवून आरशाला चिकटवली: "मी पूर्णपणे व्यसनमुक्त आहे", "मला तंबाखूचा तिरस्कार वाटतो", "माझी इच्छाशक्ती पोलादी आहे". रोज सकाळी म्हणायची. आता म्हणतो, "सई, तोंडाने व्यसनमुक्त म्हणतो आणि जीभ गालात तंबाखू शोधते. स्वतःशीच खोटं बोलल्यासारखं वाटतं."

त्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. सकाळी संडासला जाण्याआधी, ठाणे स्टेशनात पनवेल-वाशीकडची गाडी लागेपर्यंत, कंपनीत चहाच्या सुट्टीत आणि जेवल्यावर. चहाच्या सुट्टीचं सगळ्यात अवघड, कारण सगळ्यांसाठी मळायचं काम त्याच्याकडेच असायचं. त्याला खोटी वाटणार नाहीत अशी वाक्यं कशी करायची?

मन_प्रसन्न
सई, वाक्यात "नाही" शब्द अजिबात नको. मनाला नकार कळत नाही, त्याला फक्त "तंबाखू" ऐकू येतं. "मी ताजातवाना आहे, माझा श्वास स्वच्छ आहे" असं वहीत रोज 108 वेळा लिहायला सांगा. लिहिता लिहिता आत उतरतं.

कोपरीकर
मन_प्रसन्न यांचं अर्धं बरोबर आहे. "तंबाखूचा विचार करायचा नाही" असं स्वतःला बजावलं की तोच विचार पुढे येतो. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या मनात अस्वल येतच राहिलं. पण म्हणून "नाही" हा शब्दच टाकायचा असं नाही. समोरचा पुडी पुढे करतो तेव्हा "माझा श्वास स्वच्छ आहे" म्हणून कसं चालेल? तिथे "मी खात नाही" हेच लागतं. विचार दडपायला "नाही" चालत नाही, माणसाला उत्तर द्यायला चालतं.

आता दादाच्या तक्रारीकडे. त्याला जे खोटं वाटतं ते खोटंच आहे, आणि त्याला ते कळलं हे चांगलं झालं. 2009 मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला होता. स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्या लोकांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला दिलं, तर त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. तो प्रयोग तंबाखूवरचा नव्हता. पण मोठं वाक्य म्हटलं की आतून लगेच उलटं उत्तर येतं, हे सोडणाऱ्या माणसांतही रोज दिसतं.

त्यासाठी एक साधी चाचणी आहे. वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि लगेच आतून "पण" येतो का ते ऐकायचं.
"माझी इच्छाशक्ती पोलादी आहे." पण काल जवळजवळ घेतलीच होती.
"मला तंबाखू नको." पण हवी तर आहे.
"मला आत्ता हवी आहे आणि मी आत्ता घेत नाहीये." इथे पण कुठून येणार? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.
"पण" येईनासा होईपर्यंत वाक्य छाटत जायचं. उरेल ते छोटं आणि थोडं बेचव असतं, तरी तेच वेळेला उपयोगी पडतं.

ऐरोलीची_सई
हे त्याला फोनवर वाचून दाखवलं. "आत्ता हवी आहे" हे वाक्य लगेच पटलं. पण चहाच्या सुट्टीत काय म्हणू, असं विचारतोय.

घणसोलीचा_फिटर
"मी सोडतोय" असं सांगूच नका. आमच्याकडे कोणी असं म्हटलं की लगेच चौकशी सुरू. कधीपासून, का, डॉक्टरने काय सांगितलं, अरे एवढीशी घे काही होत नाही. सुट्टी संपते पण विषय संपत नाही.

कोपरीकर
फिटरसाहेब, अगदी नेमकं. "सोडतोय" ही चालू असलेली गोष्ट आहे, तिच्यावर बोलता येतं. "मी खात नाही, तुम्ही मळा" यावर फारसं बोलता येत नाही. एकदाच म्हणायचं आणि कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरचा ते खोडत बसतो.

पण सई, तुमच्या दादाची अडचण खाण्याइतकीच मळण्याची आहे. त्याच्या हाताला ते काम माहीत आहे. तळव्यावर चिमूट, नखाने चुना, अंगठ्याने रगडायचं, वर दोन टाळ्या मारून भुकटी उडवायची. पुडी समोर आली की हात आपोआप पुढे होतो, तोंडाचा प्रश्न नंतर येतो. म्हणून इथलं वाक्य हाताचं हवं: "ग्लास दोन्ही हातांत. मळणार दुसरा." आणि खरोखर ग्लास दोन्ही हातांत धरायचा, चहा संपला तरी. "मी मळून देतो, खात नाही" ही तडजोड पहिल्या काही आठवड्यांत करू नये. भुकटीचा वास आणि बोटांना लागलेला चुना पुरेसा असतो.

स्टेशनावर वाक्य उशिरा येतं, हीच तिथली अडचण. फलाटावर नेहमीच्या जागी उभं राहिल्यावर वाक्य आठवून उपयोग होत नाही, तोवर हात खिशात गेलेला असतो. ते बसमधून उतरताना म्हणायचं, टपरी दिसायच्या आधी: "गाडी येईपर्यंत मी जिन्यापाशी उभा राहतो, बाटली हातात." उभं राहायची जागा खरोखर बदलायची. खाऊन झाल्यावरच वाक्य आठवत असेल तर वाक्य वाईट आहे असं समजू नका. ते चुकीच्या ठिकाणी ठेवलंय, दहा पावलं अलीकडे आणा.

जेवणानंतर "जेवण झालं. चूळ, मग बडीशेप" एवढं पुरतं. सुपारी मात्र नको, तिची वेगळी सवय लागते.

तुर्भे_नाका
इतकं वाक्य-वाक्य करण्यापेक्षा कोपिनेश्वरासमोर एकदा शपथ घ्यायला लावा. आमच्या गावाकडे माळ घातली की माणूस दुसऱ्या दिवसापासून हात लावत नाही. विषय संपला.

कोपरीकर
त्याची श्रद्धा असेल तर शपथेत मोठं बळ आहे, ते नाकारत नाही. माझी काळजी एकच आहे. शपथ मोडली तर पुढच्या तासाला काय करायचं हे शपथ सांगत नाही. एक बार झाला की माणूस म्हणतो, आता मोडलीच आहे, मग पुडी संपवूनच टाकू. घसरण्यापेक्षा घसरल्यानंतरचं हे "आता मोडलीच" जास्त नुकसान करतं. म्हणून एक वाक्य आधीच लिहून ठेवायचं: "एक बार झाला, थुंकला. पुडी इथे संपली." आणि उरलेली पुडी तिथल्या तिथे पाण्यात भिजवून कचऱ्यात टाकायची, चुन्याची डबीसुद्धा. डबी "असू दे" म्हणून खिशात राहते आणि मग तिच्यासाठी पुडी घेतली जाते.

तुर्भे_नाका
घसरल्यावरचं वाक्य आधीच देणं म्हणजे घसरायला परवानगी देणं. मला हे पटत नाही.

कोपरीकर
काही जणांच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं ठरतं. दादाला विचारा, त्याला ते वाक्य आधाराचं वाटतं की पळवाट. पळवाट वाटली तर त्याने ते लिहू नये.

रमा_कळवा
माझं जरा वेगळं आहे. मी मिश्री लावते, सकाळी उठल्या उठल्या. मला कोणी देत नाही, आग्रह करत नाही. मग मी "खात नाही" कोणाला म्हणू?

कोपरीकर
रमाताई, तुमचं वाक्य माणसाला नाही, क्रमाला लावायचं. डबी बेसिनपाशी असेल तर आधी ती तिथून हलवा, नाहीतर अर्धवट झोपेत बोट आपोआप तिच्यात जाईल. मग: "आधी चहाचं आधण ठेवते, मग पेस्टने दात घासते." उठल्यावर पहिलं काम बदललं की मिश्रीची जागा सरकते. वाक्य रात्री झोपताना एकदा म्हणा, सकाळी ते आठवेल इतकी जाग नसते.

ऐरोलीची_सई
सकाळच्या संडासचं राहिलं. तो म्हणतो, तंबाखूशिवाय पोटच साफ होत नाही.

कोपरीकर
हे पुष्कळांचं असतं आणि बरेच जण लाजेने सांगत नाहीत. पण वाक्याने पोट साफ होणार नाही. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायला हवं, ते विचारतीलच असं नाही. वाक्य फक्त घाई कमी करायला: "आज नाही झालं तरी मी उठतो." नाहीतर तिथे बसूनच माणूस ठरवतो की एक चिमूट घेऊनच टाकू.

मन_प्रसन्न
मग आरशावरचा कागद काढून टाकायचा का?

कोपरीकर
आरशापाशी तलफ येत नाही, म्हणून तिथला काढा. पुडी ज्या खिशात असायची त्याच खिशात चिठ्ठी ठेवायची, पुडीच्याच आकाराची. हात सवयीने तिथे जातो आणि कागद लागतो. जाड पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहा, शाईपेन घामाने पसरतं. एका चिठ्ठीवर एकच वाक्य. चार वाक्यं एकाच कागदावर लिहिली की तो वाचत बसतो आणि वेळ निघून जाते.

आणि सई, वाक्यं तुम्ही लिहून देऊ नका. तो ज्या बोलीत बोलतो त्याच बोलीत हवीत. "मी खात नाही" ऐवजी "मी नाय खात" येत असेल तर तसंच लिहू द्या. पुस्तकी वाक्य वेळेला तोंडात येत नाही.

घणसोलीचा_फिटर
एक सुचवू? मशीन चालू असताना आम्हाला थुंकायला जाता येत नाही, तास-दोन तास तसेच जातात. तलफ तेव्हाही येतेच, पण माणूस थांबतो. त्याचं वाक्य होईल का?

कोपरीकर
होईल, आणि या धाग्यातलं सगळ्यात चांगलं होईल. "मशीन चालू असताना मी थांबतोच. आत्ताही थांबतो." हे त्याने हजारदा केलेलं आहे, त्यामुळे "पण" यायला जागाच नाही.

ऐरोलीची_सई
हे त्याला लगेच पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "मशीन चालू हाय." एवढंच. म्हणतो, चिठ्ठीवर तीनच शब्द लिहिणार. चालेल का?

कोपरीकर
चालेल. काही दिवसांनी ते नुसतं तोंडपाठ होऊन बोथट झालं तर दुसरं करू द्या, तसं होतंच. पुडीवर छापलेला 1800-11-2356 हा तंबाखू सोडणाऱ्यांसाठीचा मोफत फोन क्रमांकही त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवायला सांगा. पुडी भिजवून टाकल्यावर तो हाताशी राहणार नाही.