कमी आलेले १,६०० रुपये

«दुबईत १ तारखेला ८,००० दिरहम पगार झाला, ९ तारखेला सांगलीला पाठवले, १,६०० रुपये कमी आले. थांबल्यामुळेच ना?»

केवळ थांबल्यामुळे नव्हे. समजा, १ तारखेचा बाजारदर २२.६० होता, म्हणजे १,८०,८०० रुपये. ९ तारखेचा २२.५५, म्हणजे १,८०,४००. थांबल्याचे नुकसान एवढे ४०० रुपयेच. परंतु पाठवणाऱ्या संस्थेने २२.४० दर लावल्याने खात्यात १,७९,२०० जमा झाले आणि उरलेले १,२०० रुपये तिने दरातच कापून घेतले, जे पावतीवर ‘शुल्क’ म्हणून दिसत नाहीत. माझा भाऊही तेथूनच मिरजेला पैसे पाठवतो, म्हणून कळकळीने सांगतो: पावतीवरचा दर त्याच वेळच्या बाजारदराशी ताडून पाहावा. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्याने चढउतार रुपया-डॉलरचाच असतो.