मदत हवी आहे: फोटोवरून हार्मोनियम की कीबोर्ड?

वाद्यांच्या फोटोंना नावं द्यायचं काम चालू आहे. तानपुरा लगेच कळतो, खाली भोपळा, लांब दांडी, खुंट्या, बहुतेक चार तारा आणि पडदे नाहीतच. एका फोटोत पितळी पट्टीवर रिव्हेटने बसवलेल्या पातळ जिभा दिसतात, म्हणजे ते हार्मोनियमचे सूर, तिथेही शंका नाही. अडलंय ते फक्त काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लोजअपवर, भाता दिसत नाही, स्पीकरची जाळी पण नाही. पट्टीची कड बघितली तर आत लाकूड आणि वर पांढरा पातळ थर आहे असं वाटतंय, छोट्या कीबोर्डची पट्टी सहसा आतून पोकळ प्लॅस्टिकची असते ना? मग एवढ्यावरून हार्मोनियम लिहू का, की पट्ट्यांच्या पुढच्या बाजूला स्टॉपरच्या मुठी दिसतील असा दुसरा फोटो मागवू? पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी प्लीज सांगा.