अनुभव धागा: क्रोमचे नळ, काळे हँडल, पितळी दिवे – तुमच्या घरी कसे जुळले?

फोंडेकरीण
फोंड्याला आमच्या फ्लॅटचं काम निम्म्यावर आलंय. बाथरूमचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे की नळाकडे ते वळवणारा कॉक, बिल्डरने टाइल लावतानाच भिंतीत बसवलाय, तो क्रोमचा. बाहेरची प्लेट आतल्या बॉडीला बसणारीच लागते आणि या मॉडेलला काळी प्लेट येत नाही, म्हणजे बदलायचं तर टाइल फोडा. मला कपाटांना मॅट काळे हँडल हवेत आणि नवऱ्याचा जीव ब्रश्ड ब्रासच्या दिव्यांवर जडलाय. ज्यांच्या घरी तिन्ही फिनिश आहेत त्यांनी लिहा, कुठे काय लावलंत आणि रोज बघून काय वाटतं. फोटोत काय, सगळ्यांचंच छान दिसतं.

माडाखाली
एका खोलीत दोनच फिनिश, तिसरं आणायचंच नाही. क्रोम थंड, पितळ ऊबदार, ही दोघं शेजारी आली की भांडणारच. आमच्याकडे क्रोम आणि काळा एवढंच आहे, आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

साइटवाला
म्हापशाला इंटिरियरची कामं करतो. माडाखाली, दोनच घेतले तर बिघडायला फारशी जागा राहत नाही, हे कबूल. पण क्रोम-पितळाचं भांडण मला तरी साइटवर दिसलेलं नाही. क्रोमला स्वतःचा रंग असतोच कुठे? समोरची टाइल, बल्ब, भिंत, जे असेल ते तो दाखवतो. खटकतं ते बहुतेक वेळा पितळ आणि पितळ यांच्यात.

पर्वरीच्या एका फ्लॅटचं सांगतो. गोव्यातल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये असतं तसं जेवणाच्या टेबलाजवळ वॉश बेसिन आणि त्याच्या बाजूला बाथरूमचं दार. दार उघडं राहिलं की आतला क्रोमचा शॉवर टेबलावरून दिसायचा. बेसिनला पितळी नळ, आरशाच्या दोन्ही अंगांना पितळी दिवे, खालच्या कपाटाला काळे हँडल, टॉवेल रॉड पुन्हा क्रोमचा. तिघांचा वाटा जवळजवळ सारखा, त्यामुळे तिघेही पाहुणे आणि यजमान कुणीच नाही, असं ते दिसत होतं.

मग प्रत्येकाला काम वाटून दिलं. पाणी येतं-जातं ते सगळं क्रोम. बेसिनचा नळ बदलून क्रोमचा घेतला, खालचा अँगल कॉक, बॉटल ट्रॅप, वेस्ट कपलिंग क्रोममध्ये कुठेही मिळतात. रेघेसारखं जे दिसतं ते काळं: आरशाची चौकट, टॉवेल रॉड, हँडल, शॉवरच्या काचेची पट्टी. पांढऱ्या भिंतीवर काळा आपोआप उठून दिसतो, त्यामुळे यजमानपण त्याच्याकडे गेलं. पितळ फक्त दिव्यांना, आणि ते एकटं पडू नये म्हणून समोरच्या क्रोकरी युनिटला पितळी नॉब. टेबलाशी बसून एका नजरेत जे दिसतं, तेवढ्यातच हा हिशोब करायचा. आतल्या बेडरूमचं बाथरूम या नजरेत येत नाही, तिथे हवं ते करा.

फोंडेकरीण
पण पितळ आणि पितळ का खटकतं? नाव तर एकच असतं.

साइटवाला
नाव एक, छटा वेगळ्या. याच घरातला पहिला पितळी नळ पीव्हीडी लेपाचा होता, किंचित हिरवट पिवळा. दिवे ॲल्युमिनियमवर रंग दिलेले, ते गुलाबीकडे झुकणारे. दुकानात पांढऱ्या लखलखाटात दोन्ही सारखेच वाटले. घरी ३००० केल्विनचा बल्ब लावला तर दिवे नारिंगी दिसू लागले आणि नळ शेजारी आजारी. म्हणून मी आता एक नॉब खिशात टाकून दिव्यांच्या दुकानात जातो, शक्य झालं तर नमुन्याचा दिवा साइटवर आणून घरात जो बल्ब लागणार तोच लावून संध्याकाळी बघतो. दिवसा एकदा पुन्हा.

ब्रशच्या रेघांकडेही लक्ष ठेवा. नॉबवर त्या गोल फिरलेल्या असतात, लांब हँडलवर उभ्या. प्रकाश त्यावर वेगवेगळा पडतो, मग एकाच लॉटचा मालसुद्धा दोन रंगांचा वाटू शकतो. छटा जुळत नसेल तर जवळजवळ जुळणारं घेऊच नका. सरळ गडद, जुनाट दिसणारं पितळ घ्या, म्हणजे फरक मुद्दाम केलाय हे कळतं.

आमसूल
अगो बाय, एवढं कशाला? पितळ काळपटलं की चिंच किंवा आमसूल लावून घास. आमच्या घरचे तांबे-पितळ अजून चकचकीत आहेत. छटेची काळजी सोड.

काउंटरवाली
आमसूल काकू, तुमच्या तांब्याला हे चालेल, या नळांना अजिबात नको! वरचा रंग एक थर असतो. आंबट घासलं तर लॅकरचा थर जातो आणि तिथे डाग पडतो. पीव्हीडी जास्त टिकतो, तरी ॲसिडवाला क्लीनर त्यालाही नको. ओलं फडकं, मग कोरडं फडकं, एवढंच. मडगावला हार्डवेअरच्या दुकानात बसते, अशा तक्रारी घेऊन गिऱ्हाईक येतात.

आणखी एक. लोक नळ आणि हँडल ठरवतात आणि हेल्थ फॉसेट, फ्लश प्लेट, जमिनीतली जाळी विसरतात. जाळी बहुतेक वेळा स्टीलची येते, फॉसेटचा पाइपही चंदेरी. नुसता काळा नळ लावला की हे सगळं उघडं पडतं. क्रोम ठेवलात तर ही मंडळी आपसूक त्याच्यात मिसळतात. मला तर डायव्हर्टर क्रोमचा निघाला ही सोयच वाटते.

पेडण्याची बोरवेल
माझा प्रश्न वेगळा आहे. किचनला मॅट काळा नळ बसवला, पाणी बोरवेलचं, दुपारपर्यंत पांढरे ठिपके. हे फिनिश बनावट तर नाही? दुकानदार फोन उचलत नाही.

काउंटरवाली
बनावट असेलच असं नाही. जड पाण्याचे क्षार आहेत ते. क्रोमवरही बसतात, पण काळ्यावर दुरून दिसतात. वापरून झाल्यावर पुसलं तर जमत नाहीत, आणि सिंकपाशी रोज पुसणं कुणाला जमतं? म्हणून मी काळा कोरड्या जागी सुचवते, हँडल, चौकट, दिव्याची दांडी. कळंगुट-कोलव्याच्या बाजूला, समुद्राजवळ घर असेल तर मात्र हँडलची धातू विचारून घ्या. झिंकवर क्रोम चढवलेलं स्वस्त हँडल खाऱ्या हवेत बारीक फोड धरतं. ते पुसून जात नाहीत.

माडाखाली
चला, तीन मान्य. पण दाराच्या बिजागऱ्यांचं काय? त्या स्टीलच्या, कडी काळी. हा चौथा रंग मोजायचा की नाही?

साइटवाला
मी मोजत नाही. बंद दारात बिजागरीची फक्त गाठ दिसते.

काउंटरवाली
मी मोजते. पांढऱ्या दारावर काळी कडी आणि चंदेरी गाठी समोरासमोर आल्या की आधी माझं लक्ष तिकडेच जातं. काळ्या बिजागऱ्याही येतात.

साइटवाला
येतात, पण पिनेपाशी रंग घासून चंदेरी रेघ निघते. मग?

काउंटरवाली
मग ती रेघ बघायला वाकावं लागतं. गाठ उभ्यानेच दिसते.