मदत हवी आहे: गॅरंटी 30 नोव्हेंबरला संपतेय, ठेकेदार वाढवून देत नाही

बेदाणेवाला:
तासगावजवळ आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम चालू आहे. करार 2 कोटी 40 लाखांचा, त्यावर 5 टक्के म्हणजे 12 लाखांची परफॉर्मन्स बँक गॅरंटी. ती 30 नोव्हेंबर 2025 ला संपते. अजून दोन चेंबरचं इन्सुलेशन बाकी आहे आणि फेब्रुवारीत माल यायला लागेल. ठेकेदार म्हणतो, "काम होत आलंय, आता कमिशन कशाला भरू?" आमच्या करारात कलम 14.3 आहे: दोषदुरुस्तीची मुदत संपेपर्यंत गॅरंटी चालू ठेवायची, आणि संपण्याआधी 28 दिवस वाढवून द्यायची. 2 नोव्हेंबर होऊन गेला. पत्र कसं लिहू?

मिरजकर:
घाई करू नका दादा. कायद्याने मुदतीनंतरही वर्षभर मिळतं.

जुना_बँकवाला:
मिरजकर, यात घोटाळा होतो. ते वर्ष बँकेने पैसे नाकारल्यावर कोर्टात जाण्यासाठीचं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 मध्ये तसंच सांगितलंय. मागणी मात्र गॅरंटीच्या शेवटच्या परिच्छेदातल्या तारखेच्या आत बँकेत पोचलीच पाहिजे. बेदाणेवाले, तो परिच्छेद आज वाचा. 30 ला रविवार आहे.
पत्रात राग नको. गॅरंटीचा नंबर, रक्कम, कलम आणि तारीख घाला. असं लिहा:

"कलम 14.3 नुसार वरील गॅरंटी दोषदुरुस्तीची मुदत संपेपर्यंत वाढवणे आपल्यावर बंधनकारक आहे. मुदतवाढीचे मूळ पत्र 17 नोव्हेंबरपर्यंत न मिळाल्यास तो कराराचा भंग मानून गॅरंटीची पूर्ण रक्कम बँकेकडे मागितली जाईल व ती अनामत म्हणून आमच्याकडे राहील."

या पत्राने बँक बांधली जात नाही. 18 ला बँकेला वेगळं मागणीपत्र द्या, गॅरंटीत मागणीसाठी जे शब्द आहेत तेच वापरून. शाखेच्या शिक्क्याची पोच घ्या. आणि आधी कलमात रक्कम मागायचा हक्क लिहिलाय ना, ते बघा. नुसतं "वाढवून द्यावी" एवढंच असेल तर वकिलाला दाखवा.

पलूसची_ताई:
आमच्या सोसायटीच्या बिल्डरने अनामत अजून परत केलेली नाही. त्यालाही असंच पत्र चालेल का?

जुना_बँकवाला:
ताई, तुमच्यात बँक नाही, तो पैसा थेट त्याच्याकडून वसूल करायचा. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

बेदाणेवाला:
साहेब, कलम पुन्हा वाचलं. "न वाढवल्यास पूर्ण रक्कम मागता येईल" असं आहे. पण ठेकेदार आता म्हणतो, उशीर तुमच्या वीजजोडणीमुळे झाला. ट्रान्सफॉर्मर दोन महिने उशिरा आला, हे खरं आहे.

जुना_बँकवाला:
बँक तो वाद ऐकत बसणार नाही, तिला फक्त मागणी नियमात आहे का ते बघायचं. फसवणूक दाखवली तरच सहसा स्थगिती मिळते. पण नंतर हिशेबात ते दोन महिने येतीलच. नुकसानीपेक्षा जास्त घेतलेलं परत करावं लागेल. वाढीव काळाचं कमिशन कोणी भरायचं, यावर मात्र करार गप्प असेल तर तुम्ही दोघांनी बसूनच ठरवा. ट्रान्सफॉर्मरच्या दोन महिन्यांचं तुम्ही द्यावं, असं माझं मत.

मिरजकर:
मला ते पटत नाही, गॅरंटी देणं ठेकेदाराचं काम. पण वर्षाचं माझं चुकलं.

बेदाणेवाला:
पत्र आज स्पीड पोस्टाने आणि हातोहात दोन्ही देतोय. 18 ला काय होतं ते कळवतो.